खड्याला धरते कोण?

सराफाच्या दुकानात अंगठी पाहायला बसलेली बाई आधी खडा पाहते, मग वजन विचारते, मग मजुरीवरून थोडी घासाघीस करते आणि शेवटी अंगठी बोटात घालून हात लांब धरते व मान तिरकी करते. एवढ्या सगळ्या सोहळ्यात एक प्रश्न मात्र कुणी विचारल्याचे मी अजून ऐकलेले नाही. हा खडा धरला आहे कशाने? खडा म्हणजे जणू सोन्यातूनच उगवलेला आहे, अशा समजुतीने आपण अंगठी घेतो. जो कधी तरी भांडी घासताना किंवा कणीक मळताना निघून जातो, त्याचा शोध मग मोरीत, केरात आणि कणकेच्या गोळ्यात सुरू होतो.

मराठी शिकवण्याचा माझा धंदा. त्यामुळे 'कोंदण' या शब्दाशी माझी ओळख जुनी आहे. हिरा कोंदणात शोभतो, हे वाक्य आम्ही निबंधांतून इतके वाचतो की त्याच्यातला हिराही गेला आणि कोंदणही गेले. पण शब्द मोठा नेमका आहे. कोंदणे म्हणजे गच्च भरणे. जुन्या कारागिरीत सोन्याची पोकळ डबी करून तिच्यात लाख भरत, लाखेवर चकाकणारा पातळ पत्रा ठेवून त्यावर खडा बसवत आणि भोवतीच्या फटीत अगदी शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या दाबून दाबून कोंदत. शुद्ध सोन्याचा गुणच असा की नुसत्या दाबानेही ते स्वतःला चिकटते, आच लागत नाही. काम देखणे, पण ते लग्नातल्या हाराचे. लाखेला ऊन आणि गरम पाणी सोसत नाही आणि खड्यामागचा पत्रा ओलाव्याने एकदा काळवंडला की खडाही मेल्यासारखा दिसतो. तेव्हा हाताने काम करणाऱ्या बाईच्या अंगठीला कोंदण हवे, असे मी पुढे म्हणणार आहे, ते या लाखेच्या कोंदणाबद्दल नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

हा विषय मला कॉलेजात सुचला नाही. तो सुचला केंदूरला. केंदूर हे माझे माहेर. शिरूर तालुक्यातले, पाबळजवळचे, संत कान्होराज पाठकांचे गाव. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच लवकर जातो. तरी विहिरीच्या पाण्यावर आमचे दादा-वहिनी कांदा करतात. माझी आई गेली तेव्हा तिच्या बोटातली माणकाची अंगठी वहिनीकडे आली. ती वहिनीकडेच जावी अशी आईची इच्छा होती आणि माझीही. अंगठी २२ कॅरटची, मधे लंबगोल माणिक, सात मिलिमीटर लांब आणि पाच रुंद, आणि त्याला चार कोपऱ्यांवर धरणारे चार काटे. सराफकट्ट्यावर याला आता प्राँगची अंगठी म्हणतात. आमच्या घरी 'काट्यांची' म्हणत.

आईने ती सणासुदीलाच घातली. वहिनीने मात्र ती बोटातून काढायचीच नाही असे ठरवले. "सासूबाईंची आठवण पेटीत ठेवून काय करू, वन्सं?" असे ती म्हणाली, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. म्हणजे ती अंगठी रोप लावताना चिखलात, खुरपताना खुरप्याच्या मुठीवर, चैत्रात कांदा काढताना तापलेल्या ढेकळांत आणि संध्याकाळी राखेने भांडी घासताना, अशी सर्वत्र तिच्याबरोबर गेली. चार वर्षांनंतर एका दिवाळीत ती माझ्या शालीची घडी करीत होती आणि शालीचा धागा अंगठीत अडकून लांबच लांब ओढला गेला. शालीचे काही नाही; पण धागा अडकतो याचा अर्थ एक काटा खड्यावरून उठला आहे, एवढे मला ठाऊक होते. मी अंगठी तिच्या कानाशी धरून हलवली. टिक, टिक, असा बारीक आवाज आला. खडा आपल्या जागी हलत होता.

भाऊबीज झाल्यावर वहिनीला घेऊनच मी पुण्याला आले आणि आम्ही एका जुन्या कारागिराकडे गेलो. दुकान कसले, जिन्याखालची एक खोली. त्यांनी डोळ्याला दहापट मोठे दाखवणारे भिंग लावले, अंगठी फिरवून पाहिली आणि भिंग मलाही दिले. चारांपैकी दोन काट्यांची टोके झिजून कागदासारखी झाली होती. तिसरा उठलेला होता. त्याच्या आणि माणकाच्या मधे केस सहज गेला असता. चौथा एकटाच काय तो शाबूत होता. आणि खडा? खड्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

मला वाटते, या सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. आपण घाबरतो खडा फुटेल म्हणून. आणि माणकासारखा खडा सहसा फुटत नाही, तो निघून जातो. कठीणपणाची एक पट्टी आहे, मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली बांधलेली, एक ते दहा. हिरा दहा, माणिक आणि नीलम नऊ, पाचू साडेसात ते आठ. आपल्या शेतात सापडणारी गारगोटी सात. म्हणजे मातीतली गारगोटी माणकाला ओरखडू शकत नाही. पण सोने याच पट्टीवर जेमतेम अडीच-तीन! राख, माती, गारगोटीचा बारीक चुरा हे सारे सोन्याला कानशीसारखे लागते. रोज थोडे थोडे. आणि ते सगळ्यात आधी कुठे लागणार? जे सगळ्यात वर आहे आणि सगळ्यात बारीक आहे तिथे, म्हणजे काट्याच्या टोकाला.

काट्याची रचनाच कारागिरांनी मला समजावून सांगितली. काटा म्हणजे सोन्याची एक उभी तार. खड्याची कड जिथे येते त्या उंचीवर तारेला आतून एक खाच पाडतात, कड त्या खाचेत बसवतात आणि वरचे टोक खड्यावर वाकवून घासून गोल करतात. खाच पाडली तिथे तार आपोआपच अर्धीमुर्धी होते. हौशी कारागिराने खाच जरा खोल पाडली की पहिल्याच धक्क्याला काटा तिथून मोडतो. त्यात सोने २२ कॅरटचे, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. ते रंगाला सुरेख, पण मऊ. म्हणून काट्यांच्या अंगठीसाठी जाणकार १८ कॅरट, हजारात ७५० भागांचे सोने सुचवतात. हॉलमार्कच्या शिक्क्यात ९१६ किंवा ७५० हे आकडे असतात, ते आपण शुद्धतेसाठी वाचतो. काट्यांच्या ताकदीसाठीही वाचावेत.

मग काटे करतातच कशाला? प्रकाशासाठी. काट्यांनी खडा बोटाच्या वर उचलून धरला की त्याच्या बाजूंनी आणि खालून उजेड शिरतो आणि हिरा पेटल्यासारखा दिसतो. न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीने १८८६ साली सहा काट्यांची अंगठी बाजारात आणली आणि ती जगभर पसरली, ती याचमुळे. सहा काट्यांचा आणखी एक फायदा असा, की एखादा काटा गेला तरी उरलेले पाच खड्याला काही दिवस सांभाळून घेतात. चारांतला एक गेला की खडा त्या बाजूने कलतो आणि उरलेल्या तिघांतून सरकायला लागतो. पण चार असोत की सहा, उंच उचललेला खडा खिशाच्या कडेला, केसांना, गोणपाटाच्या धाग्याला अडकणारच. प्रत्येक अडकण्यागणिक काटा थोडा उठतो, पुन्हा दाबला जातो, पुन्हा उठतो. तार वाकवून वाकवून तोडतात ना, तोच हा प्रकार, फक्त चार वर्षे लागतात.

वहिनीच्या अंगठीत आणखी एक गोष्ट घडली होती. "मी तर लई जपते हो," ती कारागिरांना सांगत होती, "शेतात गेलं की खडा आत, तळव्याकडं फिरवून घेते." म्हातारे हसले. म्हणाले, "बाई, बाहेरच्या बाजूला त्याला एखादा धक्का बसला असता. आत फिरवून तुम्ही खुरप्याची मूठ थेट त्याच्यावरच दाबलीत." हे ऐकून मी मुकाट्याने बसले. आपल्याकडे कितीजणी भांडी घासताना अंगठीचा खडा आत फिरवतात, ते मी पाहिलेले आहे.

आता यावर तिसऱ्या एका अंगठीची साक्ष काढते. माझ्या भाच्याची बायको वहिनीबरोबर पुण्याला आली होती. तिच्या बोटात साखरपुड्याची अंगठी. तिच्यात काटा एकही नाही. सोन्याच्या दोन समांतर भिंती आणि त्यांच्यामधल्या घळीत अमेरिकन डायमंडचे नऊ बारीक खडे एकाला एक लागून बसवलेले. याला चॅनेल म्हणतात. वरून हात फिरवला तर काचेसारखे गुळगुळीत. धागा अडकायला जागाच नाही. दुकानदाराने तिला सांगितले होते, की कामाच्या हाताला हीच अंगठी बरी. दिसायलाही तसेच वाटते. पण नवांतले दोन खडे केव्हाच पडले होते आणि तिसरा जिभेने दात हलवावा तसा नखाने हलत होता.

"आत्याबाई, ही तर कुठं अडकली पण नाही," ती म्हणाली.

कारागिरांनी ती अंगठी मापाच्या निमुळत्या दांड्यावर चढवली आणि उजेडाकडे धरली. वरून आणि खालून ती दांड्याला चिकटली होती, पण दोन्ही बाजूंना फट होती आणि फटीतून उजेड येत होता. अंगठी गोल राहिलेलीच नव्हती. मोजली तर एकीकडून सतरा मिलिमीटर, आडवी मोजली तर सोळा. भाच्याची बायको टोमॅटोची कॅरेट उचलते; भरलेली कॅरेट वीस-पंचवीस किलोची. तिच्या कडेची पट्टी चार बोटांत धरून उचलली की सगळे ओझे अंगठीच्या तळाशी दाब देते. रोज थोडी थोडी अंगठी चपटत जाते. आणि अंगठी चपटली की चॅनेलच्या त्या दोन भिंतींमधले अंतर बदलते. खड्यांच्या कडा भिंतींच्या आतल्या बारीक चरात बसवलेल्या असतात. भिंत केसभर बाहेर गेली तरी कड चरातून सुटते. एक खडा गेला की शेजाऱ्याचा टेकू जातो. शिवाय खडे एकमेकांना लागून असतात, तेव्हा अंगठी दाबली गेली की ते एकमेकांच्या कडा टवकवतात. आणि हे सगळे दुरुस्त करणे अवघड. कारण अंगठी पुन्हा गोल करायला गेले तर उरलेल्या खड्यांवरही ताण येतो. कारागिरांनी सरळ सांगितले, की सगळे खडे काढावे लागतील, अंगठी गोल करून चर पुन्हा पाडावे लागतील, आणि तेवढ्या मजुरीत दुसरी अंगठी येईल.

म्हणजे हिशेब असा झाला. काट्यांची अंगठी अडकण्याने जाते, चॅनेलची दाबण्याने. कामाच्या हातात तर दोन्ही गोष्टी रोज घडतात. उरले काय? बंद कोंदण, ज्याला आता बेझल म्हणतात. खड्याभोवती सोन्याची एकसलग भिंत उभी करायची आणि तिचा वरचा काठ चहूकडून खड्यावर किंचित वळवायचा. चार बोटांनी धरण्याऐवजी ओंजळीत धरल्यासारखे. झिजला तर सगळा काठ झिजेल, एक टोक नव्हे. अडकायला टोक नाही. बाजूने धक्का आला तर तो खड्याच्या कडेला न लागता सोन्याला लागतो. आणि भिंत बंद असल्यामुळे अंगठी थोडी चपटली तरी ती दोन भिंतींसारखी उघडत नाही.

ते काम आम्ही आठ दिवसांनी पुन्हा जाऊन समोर बसून पाहिले. आधी चारी काटे कापून खडा सोडवला. माणिक आच सोसते, पण सोसले तरी गरम खडा एकदम गार झाला तर तडकतो, म्हणून जोडकाम करताना खडा बाहेरच हवा. मग पट्टीचा हिशेब. खडा सात बाय पाच, सरासरी सहा. त्यात पट्टीची जाडी अर्धा मिलिमीटर मिळवायची, साडेसहा. आणि त्याला ३.१४ने गुणायचे. आले वीस मिलिमीटरच्या वर थोडेसे. तेवढी पट्टी कापून, खड्याच्या आकाराला वळवून टोके जोडली. नुसत्या सहाला गुणले असते, तर पट्टी दीड मिलिमीटर आखूड पडली असती आणि खडा आत गेलाच नसता. शाळेतले π मला तिथे प्रथमच उपयोगी पडलेले दिसले.

पट्टीच्या आत एक बारीक कठडा जोडला. खडा बसतो तो त्या कठड्यावर. खालचा भाग मात्र उघडा ठेवला. त्यामुळे मागून पाण्याने आणि मऊ ब्रशने चिखल काढता येतो, आणि राशीचा खडा बोटाला लागला पाहिजे म्हणणाऱ्यांचेही समाधान होते. मग खडा आत ठेवून काठ वळवायला सुरुवात झाली. सगळी गंमत क्रमात आहे. एका टोकाला जरा दाबले की लगेच समोरच्या टोकाला, मग उरलेल्या दोन बाजूंना, मग मधल्या जागांना. एकाच बाजूने गोल फिरत गेले तर खडा तिरका बसतो आणि सोन्याची सुरकुती एका जागी गोळा होते. इथे २२ कॅरटचा मऊपणा गुणाचा ठरला. १८ कॅरटची जाड भिंत वळवायला हातोडीचे ठोके घालावे लागतात. माणिक ते सोसते, पण पाचू बहुधा सोसत नाही, कारण त्याच्या अंगातच चिरा असतात. शेवटी काठाची बाहेरची कड उतरती घासली, म्हणजे कापड तिच्यावरून घसरून जाईल. अंगठीचा खालचा भागही जाड करून घेतला, चपटू नये म्हणून. खडा पूर्वी बोटापासून सहा मिलिमीटर वर होता, तो आता चारावर आला.

वहिनीने अंगठी बोटात घातली आणि तिचा चेहरा उतरला. "वन्सं, खडा लहान झाला की."

तिचे खरे होते. काठाने चहूबाजूंनी थोडा थोडा खडा झाकला होता, आणि बाजूचा उजेड बंद झाल्याने माणिक पूर्वीपेक्षा गडद, डाळिंबाच्या दाण्यासारखे दिसत होते. बेझलची ही किंमत आहे आणि ती मोजावी लागते. हिऱ्याला ती जास्त पडते, कारण त्याचे सारे वैभव उजेडात. गडद रंगाच्या खड्याला कमी. माझे विचाराल तर मला ते नवे रूपच आवडले. पण अंगठी माझ्या बोटात नव्हती.

या कोंदणाला काय जमत नाही, तेही सांगते. ते खड्याची कड राखते, त्याचा माथा नव्हे. पोवळे त्या पट्टीवर साडेतीन, मोती तेवढाच किंवा त्याहून कमी. शेतातच कशाला, घरातल्या धुळीतही गारगोटीचे कण असतात आणि पुसता पुसता ते पोवळे मंद करतात. मंगळाचे पोवळे घालून खुरपणाऱ्या बाईला कुठल्याही घडणीचा सराफ तारू शकत नाही. पुष्कराज म्हणून विकला जाणारा टोपाझ आठ असला, तरी लाकडाच्या तंतूसारखा एका दिशेने चिरतो. वरून ठोका बसला की दोन तुकडे. तेव्हा पुष्कराज घेताना तो पिवळा नीलम आहे की टोपाझ, हे विचारून घ्यावे. नावावर जाऊ नये. आणि पाचू पुष्कळदा तेलात मुरवलेला असतो, त्याच्या चिरा लपाव्यात म्हणून. गरम पाणी आणि साबण यांनी ते तेल निघून जाते आणि चिरा उघड्या पडतात. असा पाचू बेझलमध्ये असला तरी अंगठी उतरवूनच भांड्यांना हात घालावा.

त्यानंतर कांद्याचा एक सगळा हंगाम गेला. मे महिन्यात मी केंदूरला गेले तेव्हा चाळीत कांदा भरून झाला होता. अंगठी मागून घेऊन कानाशी हलवली; आवाज नाही. कापसाचा बोळा काठावरून फिरवला. एकही तंतू अडकला नाही. ही परीक्षा घरच्या घरी कुणालाही करता येते आणि भिंग लागत नाही. काठावर बारीक बारीक ओरखडे मात्र पुष्कळ होते, आणि एका बाजूला दगडाची एक खोच पडलेली होती. तीच खोच काट्यावर पडली असती तर काटा गेला असता. मागच्या उघड्या भागात मातीचा खडक झाला होता, तो आम्ही कोमट पाण्यात भिजवून काढला. मातीचा थर खड्याला खालून ढकलत नाही, पण उजेड अडवतो, आणि मग बायका म्हणतात खडा उतरला.

एक गोष्ट मात्र कारागिरांनी निघताना बजावून सांगितली होती आणि ती मी वहिनीपाशी पुनःपुन्हा बोलत असते. काट्यांची अंगठी यंत्रात अडकली तर कधी कधी काटाच मोडून सुटका होते. ही मात्र आता जाडजूड झाली आहे. ही कडबाकुट्टीच्या पट्ट्यात किंवा ट्रॉलीच्या फाळक्याच्या कडीत अडकली तर अंगठी मोडणार नाही, बोटाची कातडी सोलून निघेल. अशा जखमेत बोटही जाते. खडा राखणारी घडण बोट राखत नाही. यंत्र सुरू करण्याआधी, ट्रॉलीवरून उडी मारण्याआधी अंगठी काढायची, मग ती सासूबाईंची असो की देवाची.

वहिनीने ते ऐकले, पण आपल्या पद्धतीने. कडबाकुट्टीजवळच्या खांबाला दादांनी एक खिळा ठोकून दिला आहे. यंत्राचे बटण खांबाच्या पलीकडे, खिळा अलीकडे. खिळ्यावर अंगठी अडकवल्याशिवाय ती बटणाला हात लावीत नाही. भाच्याची बायको आता तिथे नुसते सोन्याचे वेढणे घालून येते, बिनखड्याचे. तिची चॅनेलची अंगठी पेटीत आहे आणि लग्नकार्याला निघते. खिळ्यावर मात्र दोघींच्या अंगठ्या शेजारी शेजारी लोंबतात, आणि दादा म्हणतात, की आमच्या गोठ्याला आता सराफाचे दुकान लागले आहे.